कोथिंबीर थंडीत, पुदिना उन्हाळ्यात

> गच्चीत तीनच वाफे आहेत. कोथिंबीर रोज लागते, पण एप्रिलमध्ये ती लगेच फुलावर येते. काय लावू?

ऊन तापलं की कोथिंबीर फुलणारच, पाणी वाढवून ती थांबत नाही. नवी पानं बडीशेपेसारखी बारीक यायला लागली की समजा, तुरा येतोय. तेव्हाच कापून घ्या.

नाशिकची थंडी मात्र तिच्यासाठीच. ऑक्टोबर ते जानेवारी एका वाफ्याचे तीन पट्टे करा आणि दर पंधरा दिवसांनी एकच पट्टा पेरा, म्हणजे ढीगभर एकदम येऊन वाया जात नाही. धणे हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. डिसेंबरात उगवायला दोन आठवडेही लागतात, उकरून बघू नका. शेजारच्या वाफ्यात मेथी टाका, महिन्याभरात भाजीला येते.

मार्चपासून तिथे गवार लावा, तिला ऊन मानवतं. चटणीला पुदिना, पण वेगळ्या कुंडीत आणि दुपारच्या सावलीत. वाफ्यात लावलात तर सगळीकडे पसरेल. पावसाळ्यात वड्यांसाठी अळू. गच्चीचं पाणी जिथे उतरतं तिथेच त्याची कुंडी ठेवा.