मदत हवी आहे: छतावर उदमांजर की गव्हाणी घुबड?

यावल तालुक्यातलं पत्र्याचं घर, खाली प्लायवूडचं छत. रात्री आठ-नऊला धपधप, पहाटे पुन्हा तेच. मधल्या वेळात शांत. उंदीर असता तर रात्रभर खुडबुड झाली असती. खारीचा वावर दिवसा, म्हणून तीही नाही. घुबड असतं तर हाडं-केसांचे गोळे सापडले असते. इथे बोटाएवढ्या लांब विष्ठेत बोराच्या, शिंदीच्या बिया अख्ख्या आहेत. फटीपाशी चाळलेल्या पिठात पाच बोटांचे ठसे उमटले. मांजराची चारच उमटतात. म्हणजे उदमांजरच वाटतं.

पिल्लं आत असताना फट बुजवली तर ती उपाशी मरतील, आई पत्रा उचकटेल. पिल्लं आहेत की नाहीत, हे वर न चढता कसं ओळखावं?