मदत हवी आहे: तीन मूडबोर्डांपैकी छोट्या बेडरूमसाठी कोणता निवडू?

सायली_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचा जुना टू बीएचके आहे. त्यातली १० बाय १० ची बेडरूम दिवाळीआधी करून घ्यायची आहे. खिडकी पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं. पलंग आजेसासूबाईंचा, सागवानी, ५ बाय साडेसहा फुटांचा. तो बदलायचा नाही, हे घरात सगळ्यांचं ठरलेलं आहे. फरशी चकचकीत आयव्हरी आहे, तीही तशीच राहणार. एक लोखंडी कपाट आहे.

फोटो जमवून मी तीन मूडबोर्ड केले. 'अ' मध्ये फिकट राखाडी भिंती, निळे पडदे आणि पांढरं फर्निचर आहे. 'ब' मध्ये बेज भिंती, फिक्कट लाकूड, वेताचा दिवा आणि लिननच्या चादरी. 'क' मध्ये शेवाळी हिरवी भिंत, पितळी दिवे आणि हातमागाची जाड चादर. घरात सगळ्यांना 'ब' आवडला. मलाही तोच सर्वांत एकसंध वाटतो. पण कारण विचाराल तर सांगता येत नाही, आणि रंगारी पुढच्या गुरुवारी येतोय. हे बोर्ड एकमेकांशी ताडून कसे बघायचे?

पंचवटीकर

खोली लहान आहे ना, मग पांढरा. जास्त विचार करू नका. पांढऱ्याने खोली मोठी दिसते. 'अ' घ्या आणि राखाडीच्या जागी पांढरा लावा.

मृण्मयी_क

आमच्याकडे मुलाच्या खोलीला असंच झालं होतं. पश्चिमेच्या भिंतीला ओल आली आणि नवा रंग वर्षभरात फुगून निघाला. सायली, आधी वॉटरप्रूफिंग करून घे, थीम नंतर ठरव.

सायली_इंदिरानगर

मृण्मयीताई, या पावसाळ्यात भिंत नीट पाहिली, कोरडी आहे. माझं अडलंय ते निवडीपाशी.

उंबरठा

मी वीस वर्षं घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. एक विचारू? 'ब' मधले फोटो किती घरांचे आहेत?

सायली_इंदिरानगर

आत्ता मोजले. नऊ फोटो आहेत, त्यातले सहा एकाच पानावरून घेतलेले. बहुतेक एकाच घराचे.

उंबरठा

मग तो बोर्ड एकसंध दिसणारच. एकाच कॅमेऱ्याने, एकाच उजेडात काढलेले आणि एकाच पद्धतीने रंग सुधारलेले फोटो शेजारी ठेवले की आपोआप जुळतात. ती एकवाक्यता फोटोग्राफरची आहे, तुमच्या खोलीपर्यंत ती येणार नाही.

असं करा. तिन्ही बोर्डांतून पूर्ण खोल्यांचे फोटो काढून टाका. त्यांतली वस्तू तेवढी कापून घ्या: पडद्याचं कापड, दिवा, लाकडाचा तुकडा, भिंतीचा रंग. मग तुमच्या खोलीतल्या न बदलणाऱ्या चार गोष्टींचे फोटो काढा: पलंगाचं लाकूड, फरशी, कपाट आणि दार. सकाळी दहाच्या सुमारास काढा, ट्यूब बंद ठेवून, फिल्टर न लावता. हे चार फोटो तिन्ही बोर्डांच्या मधोमध ठेवा आणि खोलीत ते जितकी जागा व्यापतात त्या मानाने मोठे ठेवा. पलंग तर १०० चौरस फुटांतले ३२ खातोय, त्याचा फोटो कोपऱ्यात टिकलीएवढा ठेवून चालणार नाही.

मग झाक बघा. बेज नुसता बेज नसतो. एकात गुलाबी झाक असते, दुसऱ्यात पिवळी, तिसऱ्यात हिरवट. शेजारी पांढरा कागद धरला की कळते. शेवटी फोनमध्ये प्रत्येक बोर्ड कृष्णधवल करून बघा. रंग निघून गेला की काय उठून दिसतं आणि काय मिसळून जातं, ते लिहून ठेवा.

पंचवटीकर, पांढऱ्याबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. छताला आणि खिडकीच्या भिंतीला तो हवाच. पण गडद सागवानी पलंगामागे पांढरी भिंत आली की पलंगाची कडा कापल्यासारखी उठते. १० बाय १० मध्ये मग डोळ्याला पलंगच दिसत राहतो.

पंचवटीकर

हे लक्षात आलं नव्हतं. आमच्या खोलीत पलंगही पांढराच आहे, म्हणून जमलं असेल.

सायली_इंदिरानगर

काल रात्री बसून सगळं केलं. सांगते.

'अ' आधी बाद झाला. निळसर राखाडीशेजारी आमची फरशी ठेवली तर ती एकदम पिवळी, जुनाट दिसायला लागली. एरवी ती तशी दिसत नाही.

'ब' ने मात्र वाईट वाटलं. वस्तू कापून घेतल्यावर त्यातलं लाकूडच तीन प्रकारचं निघालं, त्यात आमचा तांबूस सागवान चौथा. बेजमध्ये गुलाबी झाक होती, ती फरशीशी भांडत होती. इतके दिवस मी ज्याला एकसंध म्हणत होते, त्याचे चार तुकडे समोर पडले.

'क' टिकला. कृष्णधवल केल्यावर हिरवी भिंत आणि पलंग जवळजवळ सारख्याच करड्या रंगाचे झाले. पलंग भिंतीत विरघळल्यासारखा वाटला आणि त्याचा बोजा कमी झाला. चादरीतल्या लाल काठाने सागवानाचा तांबूसपणा पुन्हा उचलला. फक्त कपाट चमकत होतं, पांढरट करड्या ठोकळ्यासारखं.

उंबरठा

अगदी बरोबर पाहिलंत. कपाट फरशीच्या आयव्हरीत स्प्रे करून घ्या, ते समोरच्या भिंतीत मिसळेल. पितळ दोनच ठिकाणी ठेवा, दिवा आणि कपाटाची मूठ. तिसरीकडे आणलंत तर ते नजर ओढेल.

आता भिंतीला हात लावायच्या आधी जाड ड्रॉइंग पेपरवर त्या हिरव्याचे दोन हात मारा. कागद निदान दीड फूट लांब-रुंद असू द्या. एकदा पलंगामागे लावा, एकदा खिडकीच्या भिंतीवर. खिडकीच्या भिंतीवर उजेड मागून येतो, तिथे तोच रंग गडद दिसेल. सकाळी, पाच वाजता आणि रात्री, असा तीनदा बघा.

सायली_इंदिरानगर

दोन दिवस कागद लावून ठेवलाय. सकाळी सुंदर दिसतो, तुळशीच्या पानाच्या पाठीसारखा. पाच वाजता ऊन पडलं की हिरवेपणा कमी होऊन मातकट होतो, तेही आवडलं. पण रात्री ट्यूबखाली गार आणि आजारी दिसतो. सासूबाई म्हणाल्या, दवाखान्यासारखं वाटतंय.

उंबरठा

ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची असणार. ३००० चा पिवळसर दिवा लावून त्याच कागदाकडे परत बघा. रंगापेक्षा दिवा बदलणं स्वस्त पडतं.

मृण्मयी_क

३००० मध्ये इस्त्री करताना डाग दिसत नाहीत हो. मी लावला आणि महिन्यात काढला. ट्यूब राहू दे, रंग एक पायरी फिका घे.

उंबरठा

फिका घेतला तर पलंग पुन्हा उठून दिसेल. ट्यूब ठेवायची तर ठेवा, पण तिचं बटण वेगळं करा. पलंगाजवळ पिवळा दिवा वेगळा असू द्या.

सायली_इंदिरानगर

वेगळं बटण म्हणजे भिंत फोडून वायरिंग, आणि ते रंगाच्या आधी व्हायला हवं. रंगाऱ्याला गुरुवारऐवजी सोमवारी या म्हणून फोन केलाय. तोवर एक पायरी फिक्या हिरव्याचाही कागद शेजारी लावते. मृण्मयीताई म्हणतात तसं होतं की उंबरठाताई म्हणतात तसं, ते रात्री दोन्ही दिव्यांखाली बघून इथेच लिहीन.