मदत हवी आहे: चौकशी कुठून आली हे शीटमध्ये लिहितो, तरी कुठल्या मार्गाने ऑर्डर मिळतात ते कळत नाही

रंधा

आमचं मोजमाप घेऊन फर्निचर बनवून देण्याचं काम आहे. बनवण्याचं काम दीर बघतात. फोन, कोटेशन आणि हिशोब माझ्याकडे. गेले सहा महिने आलेली प्रत्येक चौकशी मी स्प्रेडशीटमध्ये लिहिते आहे: तारीख, फोन नंबर, स्रोत, स्थिती. अ‍ॅडव्हान्स जमा झाला की स्थितीत 'पक्की' लिहिते, नुसत्या तोंडी होकारावर नाही.

काल पहिल्यांदा पिव्होट टेबल केलं. एकूण 190 चौकश्या, 31 पक्क्या. स्रोतानुसार असं दिसतं:

इन्स्टा जाहिरात: 64 चौकश्या, 3 पक्क्या
व्हॉट्सअ‍ॅप: 52 चौकश्या, 12 पक्क्या
वेबसाइट: 34 चौकश्या, 4 पक्क्या
ओळखीतून: 23 चौकश्या, 9 पक्क्या
इतर: 17 चौकश्या, 3 पक्क्या

हे बघून दीर म्हणतात, जाहिरात आजच बंद करू आणि सगळा जोर व्हॉट्सअ‍ॅपवर देऊ. मला मात्र हे पटत नाहीये, आणि का पटत नाही तेही सांगता येत नाहीये. जाहिरात दोन महिन्यांपूर्वीच वाढवली आहे. एवढ्या लवकर बंद करावी का? माझ्या शीटमध्येच काही चुकतंय का? कृपया सांगा.

झटपट

सोपं आहे. प्रत्येक लिंकला यूटीएम लावा. जाहिरातीच्या लिंकमध्ये `utm_source=instagram`, बाकीच्यांना आपापलं नाव. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना ठेवा, म्हणजे ते नाव आपोआप शीटमध्ये येईल. हाताने काही लिहायला नको आणि चूकही होणार नाही.

पाटावरचा हिशोब

झटपट म्हणतात ते फॉर्मपुरतं खरं आहे, यूटीएम जरूर लावा. पण ताईंच्या 190 पैकी फॉर्ममधून आलेल्या फार तर 34 दिसताहेत. ज्याने जाहिरात पाहून सरळ फोन लावला त्याच्यासोबत कुठलीही लिंक येत नाही. तिथे विचारूनच लिहावं लागतं.

ताई, तुमच्या यादीत एक गोष्ट खटकली. व्हॉट्सअ‍ॅप हा स्रोत नाही, तो बोलण्याचा मार्ग आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला तुमचं दुकान 'सापडत' नाही. आधी कुठून तरी नंबर मिळतो, मग ते तिथे लिहितात. म्हणजे ते 52 लोक खरं तर जाहिरात, ओळख, वेबसाइट यांपैकी कुठून तरी आलेले आहेत आणि तुमच्या तक्त्यात एका खोट्या नावाखाली बसले आहेत. तुमच्या 31 पैकी 12 ऑर्डर तिथेच आहेत. त्या बाहेर काढल्याशिवाय कुठलाच निर्णय घेऊ नका.

स्रोत आणि संपर्काचा मार्ग असे दोन वेगळे रकाने करा. मार्गात फोन, व्हॉट्सअ‍ॅप, फॉर्म, प्रत्यक्ष भेट. स्रोतात फक्त 'नंबर हाती कसा आला' याचं उत्तर.

सागवान

जाहिरातीतून चौकश्या वाढवायच्या असतील तर तयार कामाचे फोटो टाकू नका, काम चालू असतानाचे व्हिडिओ टाका. आमच्याकडे त्याने खूप फरक पडला.

रंधा

सागवान, धन्यवाद, पण चौकश्या कमी पडत नाहीयेत. त्यातल्या कुठल्या ऑर्डरपर्यंत पोचतात ते शोधते आहे.

पाटावरचा हिशोब, तुमचं वाचून डोक्यात प्रकाश पडला. त्या 12 जणांना आज फोन करून विचारते.

पाटावरचा हिशोब

थांबा, फक्त 12 जणांना नाही! पक्क्या झालेल्यांनाच विचारून इकडून तिकडे हलवलंत तर नवी चूक होईल. समजा त्यातले चार जाहिरातीचे निघाले. तुम्ही जाहिरातीच्या पक्क्या 3 वरून 7 कराल, पण चौकश्या 64 च राहतील. जाहिरातीतून येऊन व्हॉट्सअ‍ॅपवर बोलले आणि नंतर गप्प झाले, ते कुठे धरणार? जाहिरात होती त्यापेक्षा गुणी दिसेल. 52 च्या 52 तपासा. फोन करायची गरज नाही, चॅटमध्ये वर जाऊन पहिला मेसेज वाचा. बहुतेकांनी तिथेच काहीतरी लिहिलेलं असतं.

शिकवणी

माझे क्लासेस आहेत, माझा अनुभव सांगते. आमच्याकडे आधी आईचा फोन येतो, आठवड्याने वडील फॉर्म भरतात आणि प्रवेशाला मुलगा स्वतः येतो. शीटमध्ये तीन चौकश्या, तीन स्रोत, प्रवेश एकच! बरेच महिने माझं गणित यामुळेच चुकत होतं. आता मी नोंद करण्याआधी नंबर शोधते आणि घरातल्या सगळ्यांना एकाच ओळीत ठेवते. फर्निचरमध्येही नवरा-बायको दोघं चौकशी करत असतीलच की.

पाटावरचा हिशोब

हे महत्त्वाचं आहे. निदान एकच नंबर दोनदा आला असेल तर शीटच सांगेल. नंबर कधी देशाच्या कोडसकट तर कधी मध्ये जागा सोडून लिहिलेले असतात, म्हणून शेवटचे आठ आकडे वेगळ्या रकान्यात काढा आणि ते किती वेळा आले ते मोजा. फोन `B` मध्ये आहे असं धरून:

```
F2: =RIGHT(SUBSTITUTE(B2," ",""),8)
G2: =COUNTIF(F:F,F2)
```

`G` मध्ये 1 पेक्षा मोठा आकडा दिसला की त्या ओळी हाताने बघा. दोन ओळी एकत्र करताना सर्वांत जुन्या ओळीचा स्रोत ठेवा. माणूस पुन्हा कुठल्याही मार्गाने आला तरी स्रोत बदलायचा नाही.

रंधा

दोन दिवस लागले, पण 52 चॅट वाचून काढले. नंबरही तपासले, दुबार एकच सापडला आणि तोही माझ्याच टायपिंगचा होता, म्हणजे माणसं वेगळी होती. व्हॉट्सअ‍ॅपचे 52 असे निघाले: जाहिरातीतून 26, ओळखीतून 9, वेबसाइटवरून 8 आणि 9 जणांचं काहीच कळत नाही. पक्क्या 12 पैकी ओळखीतल्या 5, जाहिरातीच्या 4, वेबसाइटच्या 2 आणि एक अज्ञात.

आता तक्ता असा आहे:

इन्स्टा जाहिरात: 90 चौकश्या, 7 पक्क्या
वेबसाइट: 42 चौकश्या, 6 पक्क्या
ओळखीतून: 32 चौकश्या, 14 पक्क्या
इतर आणि अज्ञात: 26 चौकश्या, 4 पक्क्या

ओळखीतून सगळ्यांत जास्त, हे तर स्पष्टच आहे. पण जाहिरात अजूनही वेबसाइटच्या मागेच आहे. दीर म्हणतात, "बघ, मी काय सांगत होतो?"

पाटावरचा हिशोब

पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की जाहिरात दोन महिन्यांपूर्वी वाढवली. मग त्या 90 पैकी बऱ्याच चौकश्या कोवळ्या असणार. ज्याने मागच्या आठवड्यात विचारलं त्याचं अजून मोजमापही झालं नसेल. तो 'नाही' म्हणालेला नाही, पण तुमच्या टक्केवारीत तो नकारासारखाच मोजला जातोय. ओळखीतल्या चौकश्या सहा महिन्यांत सारख्या पसरल्या असतील, म्हणून त्यांना हा फटका कमी बसतो.

तुमच्याकडे चौकशीपासून अ‍ॅडव्हान्सपर्यंत साधारण किती दिवस जातात? हे पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या चौकश्यांवरूनच बघा. ताज्या चौकश्यांमधल्या ज्या पक्क्या झाल्या आहेत त्या पटकन झालेल्याच असणार, त्या धरल्या तर दिवस खोटे कमी दिसतील.

रंधा

पहिल्या तीन महिन्यांतल्या चौकश्यांमधून 17 ऑर्डर झाल्या. त्यातल्या 15 साठ दिवसांच्या आत.

पाटावरचा हिशोब

मग साठ दिवसांपेक्षा जुन्या चौकश्याच तुलनेला घ्या. `A` तारीख, `C` स्रोत, `D` स्थिती असेल तर:

```
=COUNTIFS(C:C,"इन्स्टा जाहिरात",A:A,"<="&TODAY()-60)
=COUNTIFS(C:C,"इन्स्टा जाहिरात",A:A,"<="&TODAY()-60,D:D,"पक्की")
```

दुसऱ्याला पहिल्याने भागा. खाली 'पक्की + नकार' घेऊ नका, कारण नकार कोणी नीट लिहून ठेवत नाही. गप्प झालेले सगळे खालच्या आकड्यात राहू द्या.

रंधा

आधी बेरीज जुळेना, आठ ओळी कमी पडत होत्या. शोधल्यावर कळलं की त्या तारखा डावीकडे चिकटून होत्या. मी त्या टिंब देऊन टाइप केल्या होत्या, त्यामुळे शीट त्यांना तारीख न समजता नुसता मजकूर समजत होतं. शिवाय काही ठिकाणी 'इन्स्टा' आणि काही ठिकाणी 'इंस्टा' लिहिलेलं. पिव्होटमध्ये मी ते नजरेने जमवून घेतलं होतं, सूत्र मात्र दोन्ही वेगळे धरतं. दोन्ही दुरुस्त केलं.

साठ दिवसांपेक्षा जुन्या चौकश्यांचं चित्र:

इन्स्टा जाहिरात: 39 पैकी 6, म्हणजे 15 टक्के
वेबसाइट: 30 पैकी 5, म्हणजे 17 टक्के
ओळखीतून: 25 पैकी 12, म्हणजे 48 टक्के

जाहिरातीच्या 90 पैकी 51 चौकश्या गेल्या साठ दिवसांतल्याच आहेत आणि त्यातली एकच पक्की झाली आहे. पहिल्या तक्त्यात जाहिरात 5 टक्क्यांच्याही खाली होती! दिरांना हे दाखवलं. आणखी दोन महिने जाहिरात आहे तेवढीच ठेवायला तयार झाले.

झटपट

म्हणजे वेबसाइट जाहिरातीपेक्षा सरस, बरोबर?

पाटावरचा हिशोब

नाही, तसं म्हणता येणार नाही. वेबसाइटचा एक माणूस फिरला असता तर 30 पैकी 4 झाले असते, म्हणजे 13 टक्के, आणि जाहिरात पुढे गेली असती. एका ऑर्डरने क्रम उलटत असेल तर ते दोघं बरोबरीतच धरायचे. ओळखीचं अंतर मात्र दोन-तीन ऑर्डर इकडच्या तिकडे झाल्या तरी मिटत नाही. जाहिरातीवर खर्च होतो, तो पक्क्या ऑर्डरने भागून वेगळा बघावा लागेल, आणि त्यासाठी ते 51 जण पिकेपर्यंत थांबा.

पुढच्या नोंदींसाठी स्रोताला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे इन्स्टा-इंस्टा होणार नाही. पण एक्सेलमध्ये दुसरीकडून पेस्ट केलेला मजकूर ड्रॉपडाउन अडवत नाही, तेव्हा अधूनमधून रकान्यावर फिल्टर लावून नावं बघत जा. आणि "कुठून कळलं?" असं विचारू नका, लोक "ऑनलाइन" म्हणून मोकळे होतात. "आमचा नंबर तुम्हाला कुठे मिळाला?" असं विचारा आणि बोलणं चालू असतानाच लिहा.

शिकवणी

जाहिरातीच्या व्हॉट्सअ‍ॅप लिंकमध्ये मेसेज आधीच भरून ठेवता येतो, मी तसंच करते:

```
https://wa.me/<नंबर>?text=जाहिरात%20पाहून%20लिहीत%20आहे
```

काही जण तो पुसून आपलं लिहितात, पण बरेच जण तसाच पाठवतात.

रंधा

हे आजच करते. एक राहिलं. आज एक बाई म्हणाल्या, "बहिणीने तुमचं नाव सांगितलं होतं, पण नंबर नव्हता. काल जाहिरात दिसली म्हणून फोन केला." यांचा स्रोत काय लिहू?

पाटावरचा हिशोब

मी ओळख लिहीन. बहिणीने सांगितलं नसतं तर जाहिरातीवर त्या थांबल्या नसत्या.

शिकवणी

आणि जाहिरात दिसली नसती तर फोन आला असता का? मी तर जाहिरातच लिहीन.

पाटावरचा हिशोब

तुमचंही चूक नाही. ताई, ड्रॉपडाउनमध्ये 'ओळख + जाहिरात' असं एक नाव वाढवा आणि असे किती येतात ते बघा. दोन-चारच आले तर वाद सोडून देता येईल. वीस आले तर जाहिरात बंद करण्याआधी पुन्हा इथे लिहा.