साहित्यचोरी तपासणीचा रिपोर्ट दाखवत नाहीत, मजकूर किती जुळतो त्याचा फक्त टक्का सांगतात. मग विचारायचं काय?

कुर्ला_पूर्व: मी एम.ए. समाजशास्त्राला आहे. डेझर्टेशन पगडीच्या भाडेकरूंवर, इंग्रजीत, साधारण ६० पानांचं. गाईड सरांनी निरोप दिला, "३४ टक्के आलंय, १०च्या आत आणा." रिपोर्ट मागितला तर म्हणाले, विद्यार्थ्यांना देत नाही. लायब्ररीत म्हणतात, तो गाईडकडेच जातो. मी चोरी केलेली नाही. पण नेमकं काय बदलू, आणि कोणाला काय विचारू?

ठाणे_लायब्ररी: टक्का का आला हे विचारू नका, त्याला उत्तर म्हणून पुन्हा टक्काच मिळेल. टक्का कशाचा बनलाय ते विचारा. आधी हे, की तपासलेली फाईल कोणती आणि कोणत्या तारखेची. त्याआधी तुमचा एखादा चॅप्टर किंवा कच्चा मसुदा त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकला होता का? टाकताना तो साठवायचा की नाही, असा पर्याय असतो. साठवला गेला असेल, तर आता तुमचंच लिखाण तुमच्याशी जुळतंय. रिपोर्टच्या उजवीकडे स्रोतांची यादी असते. तिथे सगळ्यात वरचा स्रोत म्हणून तुमच्याच कॉलेजात दिलेला विद्यार्थ्याचा पेपर दिसला, तर तो बहुतेक तुमचा मसुदाच असतो.

संदर्भसूची आणि अवतरणं वगळून तपासलं होतं का, हेही विचारा. हे आपोआप होतं असं लोक धरून चालतात, पण कोणीतरी ते चालू करावं लागतं. सूची ओळखली जाते ती शीर्षकावरून, त्यामुळे नेहमीचं शीर्षक नसेल तर ती सुटू शकते. अवतरण एकेरी चिन्हांत असेल तर टर्निटिन हे तपासणीचं सॉफ्टवेअर ते अवतरण मानत नाही, दुहेरी लागतात. आपल्याकडे एकेरी चिन्हं सर्रास वापरतात, तेव्हा आपल्या फाईलमध्ये आधी तेच पाहा.

प्राध्यापक_विलेपार्ले: मी रिपोर्ट देत नाही आणि त्यामागे कारण आहे. रंगवलेल्या ओळी हातात पडल्या की मुलं विषय सोडून रंगाच्या मागे लागतात. 'वाढ'च्या जागी 'वृद्धी', वाक्य उलटंपालटं, आणि टक्का खाली. विचार दुसऱ्याचाच राहतो, नाव मात्र जातं. मग तो उतारा पुन्हा पकडणं मलाही अवघड होतं. या विद्यार्थिनीने स्वतःचं लिखाण वाचावं. कुठला परिच्छेद कुठून आला, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतंच.

दहिसर_फास्ट: यूजीसीचा नियम सरळ आहे, १० टक्क्यांच्या वर गेलं की नापास. रिपोर्ट बघून काय करणार? मी टर्म पेपर ११ टक्क्यांवर दिला होता, परत आला.

ठाणे_लायब्ररी: दहिसर, अर्धं बरोबर आहे. २०१८ च्या त्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायला सांगतात आणि त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. त्याला नापास म्हणत नाहीत. ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, ६०च्या वर नोंदणी रद्द. आणि टर्म पेपर, असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट त्या नियमांच्या व्याख्येतच नाहीत. तुमचा पेपर कॉलेजने स्वतःच्या नियमाने परत केला असणार. कुर्ल्याच्या ताईंचं डेझर्टेशन मात्र त्यात येतं.

प्राध्यापक, त्याच नियमांत लिहिलंय की आरोप निःसंशय सिद्ध झाल्यावर आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिल्यावरच दंड करायचा. जे पाहिलंच नाही त्यावर बाजू कशी मांडणार?

प्राध्यापक_विलेपार्ले: इथे दंडाची गोष्टच नाही, सुधारणेची आहे. त्या कलमाचा आधार इथे घेऊ नये.

कल्याण_मेकॅनिकल: माझ्या प्रोजेक्टच्या वेळी मी इंटरनेटवरच्या फुकट चेकरवर आधीच तपासून घेतलं, ६ टक्के आलं. कॉलेजमध्ये २२. ताई, तुम्हीही आधी फुकटात बघा ना.

ठाणे_लायब्ररी: कृपया नको. प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या साठ्याशी ताडून बघतं, म्हणून तुमचे ६ आणि २२ एकमेकांशी जोडताच येत नाहीत. शिवाय फुकटवाले तुमच्या फाईलचं पुढे काय करतात, हे कळायला मार्ग नसतो.

ताई, सरांकडे रिपोर्टची प्रत मागू नका. "तुमच्या स्क्रीनवर पंधरा मिनिटं शेजारी बसून दाखवाल का" असं विचारा. याला बहुतेक जण तयार होतात.

कुर्ला_पूर्व: आज सरांनी लायब्ररीत बसून दाखवलं. ३४ पैकी १७ माझाच जानेवारीचा मसुदा! तो वगळल्यावर १७ उरतील असं मला वाटलं होतं, तर २१ आले. हे कसं?

ठाणे_लायब्ररी: एका ओळीला सॉफ्टवेअर एकच स्रोत लावतं, सगळ्यात जास्त जुळणारा. मसुद्याखाली दुसरा स्रोत दडला होता. मसुदा काढल्यावर तो वर आला. म्हणजे त्या ४ टक्क्यांचा मजकूर जानेवारीतही कुठूनतरी आलेला होता. तो कोणता लेख आहे ते पाहा, बाकीच्याची काळजी नंतर.

कुर्ला_पूर्व: पाहिलं. संदर्भसूची वगळल्यावर २१चे १४ झाले. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ची कलमं, त्यात पगडीचं ५६वं, मी जशीच्या तशी दिली होती. ती वगळताना एक संकेतस्थळ काढलं की तोच मजकूर दुसऱ्या संकेतस्थळाच्या नावाने यायचा. शेवटी १०. आणि ते ४ टक्के म्हणजे साहित्य आढाव्यातली दोन-अडीच पानं, एकाच शोधनिबंधातून. तळटीप दिली आहे, पण वाक्यं जवळजवळ त्यांचीच आहेत.

प्राध्यापक_विलेपार्ले: म्हणजे टक्का नियमात बसला आणि खरी अडचण तशीच राहिली. मी हेच सांगत होतो.

ठाणे_लायब्ररी: आणि ती अडचण सापडली रिपोर्ट पाहिल्यावर. कायद्याचा मजकूर नियमांनुसार वगळायचाच असतो, पण हा कायदा आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. माणसाने बसून काढावा लागतो. ३४ हा आकडा निरोपात पाठवण्याआधी कोणी हे केलं होतं का?

प्राध्यापक_विलेपार्ले: माझ्याकडे एका वर्षी डझनभर विद्यार्थी असतात. प्रत्येकाचे स्रोत एकेक करून वगळायला वेळ कुठून आणू? हे काम लायब्ररीने करून गाईडकडे पाठवावं.

ठाणे_लायब्ररी: कुठला उतारा योग्य आणि कुठला नाही, हा निर्णय विषय जाणणाऱ्याचा. आम्ही फिल्टर लावू शकतो, समाजशास्त्र नाही.

दहिसर_फास्ट: मग ती दोन-अडीच पानं बदलायची की राहू द्यायची? १० तर झालेच ना.

कुर्ला_पूर्व: बदलते आहे. शोधनिबंध बंद करून आठवेल तसं माझ्या शब्दांत लिहिते, मग त्याच्याशी ताडून पाहणार. सरांना एवढंच विचारलंय की पुढच्या तपासणीत ही फाईल साठवू नका आणि जानेवारीचा मसुदा साठ्यातून काढता येतो का ते पाहा. काढायचा तर आमच्या कॉलेजच्या अॅडमिनला कळवावं लागेल म्हणाले. तो कोण, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.