मदत हवी आहे: 'च' आणि 'ज'चे दोन उच्चार लिहून कसे दाखवायचे?

अबोली
ऑफिसातल्या अमराठी मंडळींसाठी उच्चारांची टिपणं काढतेय. सगळ्यांना हिंदीमुळे देवनागरी येते आणि घोळ तिथेच होतो. 'चमचा', 'चूक', 'जवळ' हे शब्द ते हिंदीच्या वळणाने वाचतात. मी नियम दिला की पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर 'चिंच'मधला पहिला च, नाहीतर 'चमचा'मधला. त्यावर एकीने विचारलं, मग 'चंद्र' असा का? आणि तुम्ही 'जग' दोन तऱ्हांनी का म्हणता? नियम कितपत पाळला जातो, आणि कागदावर फरक दाखवायचा कसा?

खवचट_वाचक
'त्स' आणि 'द्झ' लिहा. 'त्सुनामी' लिहितोच की आपण. विषय संपला.

लघुगुरू
संपला नाही. 'उत्सव' आणि 'उचल' म्हणून बघा. 'उत्सव'मध्ये त् आणि स वेगळे आहेत. त् पहिल्या अक्षराला चिकटतो आणि उ गुरू होतो. 'उचल'मधला उ लघुच राहतो, कारण च हा एकच वर्ण आहे. 'उत्सल' लिहिलंत तर शिकणारा तिथे अडखळणार.

देवनागरीतच ठेवायचं तर 'चमचा'मधल्या उच्चाराला नुक्ता द्या: च़, ज़, झ़. रोमन लिपी चालत असेल तर ध्वनिलिपीत `t͡s`, `d͡z` असं वरच्या कमानीने जोडून लिहितात. कमान एवढंच सांगते की हा एक ध्वनी आहे. 'छ'ची काळजी नको, त्याला प्रमाण मराठीत दुसरा उच्चार नाही.

आता नियम. तुमचा अर्धा भाग पक्का आहे: इ, ई, ए, य यांच्या आधी तालव्यच, म्हणजे 'चिंच'मधल्या पहिल्या चसारखा. उलट दिशेने मात्र हमी नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द अ, आ, उ, ओ यांच्या आधीही तालव्य राहतात: चंद्र, चरण, जल, राजा, पूजा. म्हणून हे वाक्य शिकवा: 'नीट विचार कर, मग त्याला विचार.' पहिला तालव्य, दुसरा च़. तसंच 'जग' (दुनिया) तालव्य आणि 'मजेत जग'मधला ज़. नामजपातला 'जप' तालव्य, 'तब्येतीला जप'मधला ज़.

अबोली
आणि प्रत्ययांचं? 'त्याचा'ला च़ शिकवला, तर आता 'त्याची', 'त्याचे' सगळीकडे च़ लावताहेत.

लघुगुरू
शब्द पाठ करायला लावला की हे होणारच. च बदलतो तो लगेच पुढे येणाऱ्या स्वरामुळे, म्हणून एकाच प्रत्ययात दोन्ही उच्चार येतात. घराचा: च़. घराची, घराचे, घराच्या: तालव्य. आणि बोलण्यातलं 'घराचं' पुन्हा च़, कारण तिथे ए नाही, लांबवलेला अ आहे. म्हणजे 'घराचे दार' वाचताना एक उच्चार आणि 'घराचं दार' म्हणताना दुसरा. चमचा–चमचे, आजोबा–आजी यांतही हेच.

मागच्या स्वराचा संबंध नाही. 'तुझीच'मध्ये झ तालव्य, पण शेवटचा जोर देणारा च हा च़, आधी ई असूनसुद्धा.

सातासमुद्रापार
माझी लेक इथेच वाढली, ती 'चोर' अगदी हिंदी सिनेमासारखा म्हणते. नियम सांगून काही होत नाही हो. कानाला फरकच कळत नाही तिच्या.

लघुगुरू
मग कानाऐवजी जिभेकडून जा. च म्हणून शेवट लांबवायला सांगा. 'स'सारखी फुसफुस निघाली तर च़, 'श'सारखी निघाली तर तालव्य. च़ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी लागतं.

टंकू
नुक्त्याचा मला आलेला त्रास सांगतो. मी शब्दसूची च़ वापरून केली आणि शोधपेटीत 'चमचा' टाकला तर 'च़मचा' सापडेना. ज़ साठी `U+095B` हे तयार चिन्ह आहे, तर च़ला `U+091A` आणि `U+093C` असे दोन संकेत जोडावे लागतात. शब्द साधाच लिहावा, नुक्ता फक्त उच्चाराच्या रकान्यात.

खवचट_वाचक
आणि हिंदीवाले ज़ पाहून 'ज़रूर'मधला ज वाचतील, त्याचं काय?

लघुगुरू
वाचू देत. दोन स्वरांमध्ये आपलाही ज़ बऱ्याचदा तितका सैल होतोच. च़ला मात्र हिंदीची अशी मदत नाही, तो तोंडीच करून दाखवावा लागेल.

अबोली
रकान्याची कल्पना घेते. एक राहिलं: 'झेब्रा', 'झिप'? नियमाने तालव्य हवा, पण मी इंग्रजीसारखा म्हणते.

टंकू
आमच्याकडे सरळ 'झेंडा'तला झ.

लघुगुरू
दोन्ही ऐकू येतात. मी रकान्यात दोन्ही लिहिले असते.