दुसरीच्या वर्गात संक्रांत, 40 मिनिटं

ईशानची आई (एडिसन, अमेरिका):
नमस्कार मंडळी, ईशानच्या टीचरने संक्रांतीसाठी 40 मिनिटं दिली आहेत. वर्गात 22 मुलं, त्यात एक तमिळ, दोन पंजाबी, एक कोरियन, बाकी सगळी मिक्स. मी तिळाच्या वड्या नेणारे, पतंग करून घेणारे आणि दिवस मोठा व्हायला लागतो ते सांगणारे. 22 जणांना किती तीळ लागतील? आणि तमिळ, पंजाबी पालकांना पण बोलावू का, की उगाच गोंधळ होईल?

कुलकर्णीकाका:
अगं तीळ नको नेऊस, अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून पाकिटावर तीळ लिहावेच लागतात, इतकी त्याची अॅलर्जी आहे लोकांना. त्यापेक्षा काटेरी हलवा ने, नुसती साखर असते ती. आणि मुलांना सांग की 14 जानेवारीपासून दिवस वाढायला लागतो, म्हणून उत्तरायण.

मेधाताई (रविवारची शाळा):
काका, तिळाचं अगदी बरोबर, पण हलव्याच्या दाण्याच्या आत बी असते हो, बहुतेक वेळा तीळ नाहीतर खसखस. मी स्वतः शेगडीवर बसून पाक घालत घालत काटे आणलेत, साबुदाण्याचा केला तरी परात तीच असते. घरी केलेल्याला लेबल नसतं, त्यामुळे बहुतेक शाळा तो घेतच नाहीत. आणि पंजाबी लोकांच्या लोहडीची रेवडी, गजक म्हणजे पुन्हा तीळच, वर शेंगदाणे. म्हणून खायचं काहीच नेऊ नकोस, हातात घेऊन बघायचं ने.
पालकांना जरूर बोलाव, पण तिघांनी तीन वेगळी भाषणं केली तर मुलं दहाव्या मिनिटाला कंटाळतात. मी एकदा तसं केलं आणि मुलांच्या डोक्यात फक्त "सगळीकडे पतंग" एवढंच राहिलं. मधे एकच वस्तू ठेव, ऊस. आपल्या सुगडात उसाचे करवे असतात, बोरं, हरभरा, गाजर, गव्हाच्या ओंब्यांबरोबर. पोंगलला तमिळ घरात आख्खे ऊस उभे करतात आणि नव्या तांदळाचं भांडं उतू गेलं की "पोंगलो पोंगल" म्हणून ओरडतात. पंजाबात उसाच्या रसाची खीर लोहडीच्या रात्री करून दुसऱ्या दिवशी माघीला खातात. पेरभर तुकडा सालासकट हातोहात फिरव, मुलं पेरं मोजतात, वास घेतात, मग शेजारी गुळाचा खडा ठेव आणि विचार हे यातून कसं झालं असेल. तिथून मग प्रत्येक पालकाने आपल्या घरचं पाचच मिनिटं सांगायचं. लोहडीची शेकोटी चित्रातच दाखवा, वर्गात जाळ चालत नाही.
दिवसाचं मात्र तसं नाही काका. दिवस वाढायला लागतो 21-22 डिसेंबरनंतर. साधारण 1700 वर्षांपूर्वी संक्रांत आणि तो दिवस एकत्र यायचे, आता संक्रांत पुढे सरकली आहे. मुलांना हे सांगू नको, मोजू दे. 30 सेंटिमीटरची पट्टी अंगणात उभी धरायची आणि दुपारी 12 च्या सुमारास सावली मोजायची. एडिसनला 21 डिसेंबरला ती 61 सेंटिमीटरच्या आसपास येईल, संक्रांतीला 56 आणि 11 फेब्रुवारीला 42. पहिल्या तीन-साडेतीन आठवड्यांत फरक जेमतेम 5 सेंटिमीटर, पट्टी जराशी कलली की तेवढा कुठल्या कुठे जातो, म्हणून ती जाड पुस्तकाच्या कडेला टेकवून सरळ धरायची आणि मोजणं फेब्रुवारीपर्यंत चालू ठेवायचं. नाहीतर मुलं म्हणतात काहीच झालं नाही.

आर्याचे बाबा (मेलबर्न):
आमच्याकडे जानेवारीत शाळा बंद आणि उन्हाळा, त्यामुळे थंडीत अंगाला ऊब म्हणून तिळगूळ हे आर्याला पटेचना. शाळा उघडल्यावर आम्ही पण सावली मोजली, दुपारी दीडच्या सुमारास, कारण इकडे घड्याळ पुढे असतं, आणि ती दर आठवड्याला वाढतच होती! टीचरला वाटलं आमचं मोजणं चुकतंय. तुमच्या मुलांशी आकडे बदलून घेऊ का? 

मेधाताई:
नक्की घ्या, एका कागदावर दोन्ही रेषा काढा. तुमच्याकडे संक्रांतीला नेमकं कुठलं नवं पीक हातात असतं ते मात्र तुम्हीच शोधा, मला ते इथून सांगता येणार नाही.

ईशानची आई:
तिळाच्या वड्या रद्द. आज ईशानबरोबर पट्टी धरली, 63 आले, बहुतेक कलली होती, उद्या पुन्हा. तमिळ वर्गमित्राची आई उतू जाणारं भांडं दाखवायला व्हिडिओ आणणारे. फक्त एक अडलंय, "तिळगूळ घ्या गोड बोला" म्हणायचं तर हातात काय देऊ? गुळाचा खडा दिला तरी तो खाणंच झालं ना? कोरियन मुलाची आई विचारतेय की तिने पण जानेवारीतच यायचं का, त्यांचं नवं वर्ष 2026 मधे 17 फेब्रुवारीला आहे. मला वाटतं तिला सावलीच्या शेवटच्या मोजणीला बोलवावं, पण टीचर अजून हो म्हणाली नाहीये.