अनुभव धागा: दुधाचा भाव महिन्याच्या मधेच वाढला आणि खाडेही झाले, तर दूध नक्की कितीला पडलं?

पेठेतली

ज्या महिन्यात भाव वाढतो त्याच महिन्यात आपण चार दिवस गावी गेलेलो असलो, की दुधाचं बिल हमखास वादाचं होतं. आमचं नोव्हेंबरचं बिल तसं झालंय. आकडे देते, मग तुमच्याकडे काय पद्धत आहे ते सांगा.

रोज एक लिटर म्हशीचं सुटं दूध. १४ तारखेपर्यंत ७० रुपये, १५ पासून ७४. आम्ही १७ ते २२ घरी नव्हतो, म्हणजे सहा खाडे. दूध आलं २४ लिटर. दूधवाल्या भाऊंनी बिल दिलं १७४४ रुपयांचं, माझ्या हिशोबाने ते १७२० होतं.

भाऊंची पद्धत अशी: आधी पूर्ण महिना धरायचा. १४ दिवस ७० ने ९८०, १६ दिवस ७४ ने ११८४, एकूण २१६४. त्यातून सहा खाड्यांचे ७० प्रमाणे ४२० वजा. माझं म्हणणं एवढंच की १७ ते २२ या तारखांचं दूध घेतलं असतं तर ते ७४ नेच लागलं असतं, तेव्हा वजाही ७४ नेच व्हायला हवं. ४४४ वजा केले की १७२० येतात. लिटरला ७१ रुपये ६७ पैसे पडले. भाऊंच्या बिलाने ७२ रुपये ६७ पैसे.

फरक २४ रुपयांचा आहे, त्यावरून मी भाऊंशी भांडणार नाही. माणूस पावसापाण्यात रोज सहाच्या ठोक्याला दारात असतो. पण असा महिना वर्षातून एकदा-दोनदा येतोच, तेव्हा पद्धत एकदा ठरलेली बरी.

कोथरूडकर

ताई, इतकं कशाला करता? ७० आणि ७४ ची सरासरी ७२. गुणिले २४ लिटर, १७२८. दोघांच्या मधला आकडा आहे, दोघंही खूश.

हिशोबनीस

कोथरूडकर, तुमची रीत एकाच वेळी बरोबर येते: जुन्या भावाचं आणि नव्या भावाचं दूध सारखंच आलं असेल तेव्हा. ताईंकडे जुन्या भावाचं १४ लिटर आलं आणि नव्याचं १०, म्हणून खरा दर ७२ च्या खालीच राहणार. भाव २५ तारखेला वाढला असता तर तुमच्या सरासरीने गिऱ्हाइकाचं बरंच नुकसान झालं असतं.

मी सोसायटीचे हिशोब बघतो. आमच्याकडे बऱ्याच जणांच्या कॅलेंडरवर महिन्याअखेरीस नुसतं 'खाडे ६' लिहिलेलं असतं. एरवी तेवढं पुरतं, भाव वाढलेल्या महिन्यात पुरत नाही, कारण कुठल्या तारखांचे खाडे यावर सगळं आहे. ताईंचे हेच सहा खाडे ३ ते ८ तारखेला झाले असते, तर ७० चं दूध आठच लिटर आलं असतं आणि ७४ चं सोळा. तेव्हा १७४४ हेच बरोबर बिल ठरलं असतं. म्हणजे भाऊंनी हिशोब चुकवला असं नाही, त्यांनी खाडे वाढीच्या आधीचे धरले.

मी शीटमध्ये रोज एक ओळ लिहितो. बी रकान्यात त्या दिवशी आलेलं दूध लिटरमध्ये (खाडा असेल तर ०), सी मध्ये त्या दिवसाचा भाव, आणि ई१ मध्ये पोचवण्याचे महिन्याचे पैसे, असले तर. तीस दिवसांच्या महिन्याला एवढं सूत्र पुरतं:

```
=(SUMPRODUCT(B2:B31,C2:C31)+E1)/SUM(B2:B31)
```

हा लिटरमागे पडलेला खरा दर. भागायचं ते आलेल्या लिटरनी, महिन्याच्या दिवसांनी नाही. तिसाने भागलं की खाड्याच्या महिन्यात दूध उगाच स्वस्त झाल्यासारखं दिसतं.

ठाण्याची_मावशी

आमच्याकडे पिशवीचं दूध, पेपरवाल्याबरोबर येतं. आमच्याकडे घोळ भावाचा नाही, पोचवण्याच्या पैशांचा होतो. महिन्याचे ६० रुपये ठरलेले, खाडे झाले तरी तेवढेच.

एका महिन्यात १५ पर्यंत लिटरला ५६ आणि १६ पासून ५८ झाले. आम्ही लेकीकडे होतो, ५ ते १४ दहा खाडे. जुन्या भावाचं दूध आलं फक्त पाच लिटर, २८० रुपये. नव्या भावाचं पंधरा लिटर, ८७० रुपये. झाले ११५०, वर ६० पोचवण्याचे. १२१० भागिले २० म्हणजे लिटर साडेसाठ रुपयांना पडलं. शेजारणीचा एकही खाडा नव्हता, तिला तेच दूध ५९ ला पडलं. भाव दोघींना एकच, पोचवणारा मुलगाही एकच.

त्या दीड रुपयातले पन्नास पैसे स्वस्त दिवस हुकल्याचे, आणि एक रुपया ते ६० रुपये तीसऐवजी वीस लिटरवर पडले त्याचा. मी त्या मुलाशी घासाघीस केली नाही, तो चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने येतो. पण लांबच्या प्रवासाला निघताना आता अर्ध्या महिन्याचेच पोचवणीचे पैसे द्यायचे, असं आमचं बोलून ठरलंय.

शिरोळचा

भाव वाढला म्हणून शहरातल्यांनी इतकं मनाला लावून घेऊ नये. आम्हाला संस्थेकडून किती मिळतात ते विचारा. फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ च्या खाली आलं की गाईच्या दुधाचा दर लगेच कापला जातो. पेंडीचं पोतं मात्र एकदा चढलं की खाली येत नाही.

पेठेतली

दादा, वाढीला माझी हरकत नाही. भाऊंनी मागितले तेव्हाच मी ७४ ला हो म्हटलं. प्रश्न खाडा कुठल्या भावाने वजा करायचा एवढाच आहे.

शिरोळचा

बरं, मग आमच्याकडचं सांगतो, उपयोग होईल. आमच्या दुधाचा पगार दहा-दहा दिवसांचा असतो: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ पासून महिनाअखेर. संस्था दर बदलते तो बहुतेक १, ११ किंवा २१ तारखेपासून. त्यामुळे एका बिलात दोन दर येतच नाहीत. म्हैस आटली, दूध घातलं नाही, तर ते ज्या दहा दिवसांत झालं त्याच बिलात दिसतं. तुमच्या भाऊंना म्हणावं, वाढ १५ ला न करता पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून करा. वादच राहत नाही.

गोठेवाले

मी स्वतः साठ-सत्तर घरी दूध घालतो, माझी बाजू मांडतो. एक तारखेपर्यंत थांबणं आम्हाला नेहमी जमत नाही. पेंड, सरकी, कडबा ज्या दिवशी महागतो त्या दिवसापासून खिशातून जातो. पंधरा दिवस थांबायचं म्हटलं तर लिटरमागचे चार रुपये आमचेच जातात.

खाड्याचं म्हणाल, तर तुम्ही गावी गेलात म्हणून म्हैस दूध द्यायची थांबत नाही. ते लिटर त्या दिवशी डेअरीला किंवा मिठाईवाल्याला घालावं लागतं, आणि तिथे घरगुती भाव मिळत नाही. खाडा जुन्या भावाने धरणाऱ्याच्या मनात बहुतेक हेच असतं. तरीही ताईंचं गणित बरोबर आहे. मी तारखेप्रमाणेच धरतो. खाड्यात होणारं नुकसान मी भाव ठरवतानाच धरलेलं असतं, ते गिऱ्हाइकाकडून दुसऱ्यांदा काढणं बरं नाही.

खाड्यांपेक्षा जास्त गोंधळ जादा दुधाने होतो. एका घरी ८ आणि ९ तारखेला दोन खाडे होते, आणि २० ला पूजेसाठी दोन लिटर जादा घेतलं. काकू म्हणाल्या, 'दोनाला दोन, बरोबरी झाली, तीस लिटर लिहा.' लिटर तीसच भरले, पण भाव १५ ला चारने वाढला होता. खाडे गेले जुन्या भावाचे आणि जादा आलं नव्या भावाचं. आठ रुपयांचा फरक. वहीत दोन्ही तारखा दाखवल्यावर त्यांना पटलं.

नवी_मुंबईकर

आमच्याकडे अ‍ॅपवरून आगाऊ पैसे भरून दूध येतं, तिथला प्रकार वेगळाच आहे. अमूलने १ मे २०२५ पासून लिटरला दोन रुपये वाढवले आणि त्याच सुमारास इतरांनीही, तेव्हाची गोष्ट. आम्ही २० एप्रिलला तीस दिवसांचे पैसे भरले होते, अर्ध्या लिटरची रोज एक पिशवी, ३३ प्रमाणे ९९०. वाढीनंतर पिशवी ३४ ची झाली. १९ मेपर्यंत आधीचाच भाव राहील असं कळवलं, आणि तो राहिलाही.

पण मधे पाच दिवस आम्ही दूध बंद ठेवलं होतं. अ‍ॅपने ते दिवस 'पुढे ढकलले', म्हणजे २० ते २४ मे. आम्हाला वाटलं पाच पिशव्या येतील. आल्या चारच. खाड्यांचे पैसे १६५ म्हणून जमा झाले होते आणि पुढच्या पिशव्या ३४ ने कापल्या गेल्या. चार पिशव्यांचे १३६, उरले २९, पाचवी पिशवी त्यात बसली नाही. मुदत वाढवून मिळते तेव्हा दिवस पुढे जातात की रुपये, हे आधी विचारून घ्या. भाव स्थिर असताना हा फरक दिसतच नाही.

कोथरूडकर

हे पटलं. आणि हिशोबनीस, तुमचंही. आमचा भाव मागच्या वेळी २२ ला वाढला होता, पुन्हा मांडून बघतो.

ठाण्याची_मावशी

पिशवीवाल्यांसाठी एक सांगायचं राहिलं. वाढ लिटरला दोन रुपये म्हणतात, पण अर्ध्या लिटरच्या पिशवीला ती एकच रुपया असते. आमच्या मजल्यावर एका बिलात पिशवीमागे दोन रुपये चढवलेले सापडले. पिशवीवर छापील किंमत असते, तीच लिहून ठेवायची. वाढीच्या तारखेनंतर एखाद-दोन दिवस जुन्या छापाच्या पिशव्याही येतात, त्या दिवशी त्यावरची किंमतच द्यायची.

माहेरवाशीण

मला एक विचारायचंय. खाडा आदल्या रात्री सांगितला तर ठीक. पण आजोबांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं आणि पहाटे फोन केला, तोवर दूध निघालेलं होतं. तो खाडा धरायचा का?

गोठेवाले

दूध घराबाहेर पडलं की माझ्या वहीत तो खाडा नाही. पण अशा प्रसंगी ते लिटर मी शेजारच्या घरी देतो आणि पैसे त्यांच्याकडून घेतो. शेजारी घेणारं कोणी नसलं, तर काय ते त्या घराशी बोलून ठरवतो.

हिशोबनीस

मला वाटतं सांगितल्याची वेळ तारखेशेजारीच लिहावी. आमच्या सोसायटीत रात्री नऊची मर्यादा आहे. पण आजारपणात ती लावावी का, यावर आमचंही एकमत नाही.

पेठेतली

भाऊंना आज सकाळी कॅलेंडर दाखवलं. १७ ते २२ च्या चौकटी बघून त्यांनी ४४४ वजा करायचं मान्य केलं. पुढची वाढ १ तारखेपासून करता येईल का, यावर मात्र त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही.